उधारीवर दिलेला माल आणि मालकी राखून ठेवण्याची अट: ग्राहक कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर हाती काय उरतं

साठ किंवा नव्वद दिवसांच्या उधारीवर माल देणाऱ्याची खरी अडचण ग्राहक बुडाला की समजते. माल ग्राहकाच्या गोदामात डोळ्यांसमोर पडलेला असतो, बिल थकलेलं असतं, तरी तो माल उचलता येत नाही. कारण कायद्याच्या नजरेत तो माल केव्हाच ग्राहकाचा झालेला असतो. पुरवठादाराकडे राहतं ते फक्त येणं. आयबीसीच्या, म्हणजे इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड 2016 च्या कलम 53 मधल्या क्रमात हे येणं प्रक्रियेचा खर्च, कामगारांची देणी, तारणधारक बँका, इतर कर्जदाते आणि सरकारी देणी यांच्या मागे ‘इतर उरलेली देणी’ या रांगेत बसतं. तिथवर पैसे पोहोचतातच असं नाही.

ही परिस्थिती टाळायला करारात एक अट घालता येते: पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालाची मालकी पुरवठादाराकडेच राहील. वकील तिला रिटेन्शन ऑफ टायटल म्हणतात. अट दोन ओळींची असली तरी ती लागू पडते की नाही हे त्या दोन ओळींपेक्षा ऑर्डर, चलन आणि गोदामातल्या नोंदींवर जास्त ठरतं. म्हणून इथे मी ती एका ठरावीक प्रकारच्या मालापुरती, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन तिथल्या उत्पादनात बसणाऱ्या सुट्या भागांपुरती, नीट उलगडून दाखवतो. या प्रकारात अटीची ताकद आणि तिच्या मर्यादा दोन्ही स्पष्ट दिसतात.

मालकी मुळात कधी जाते

बऱ्याच जणांना वाटतं की पैसे चुकते होईपर्यंत माल आपलाच. मालविक्री कायदा 1930 तसं म्हणत नाही. कलम 19 नुसार मालकी दोन्ही पक्षांनी ठरवलेल्या क्षणी जाते. काहीच ठरवलं नसेल तर कलम 20 ते 24 मधले ठोकताळे लागतात, आणि त्यांत पैसे कधी द्यायचे याला महत्त्व नाही. ऑर्डरप्रमाणे माल वेगळा काढून कोणतीही अट न घालता ट्रान्सपोर्टरच्या हवाली केला की सर्वसाधारणपणे तो ग्राहकाचा झाला.

पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला कायद्याने दोन आधार दिले आहेत: माल आपल्या ताब्यात असेपर्यंत अडवून ठेवणं, आणि ग्राहक नादार झाल्याचं कळल्यावर वाटेतला माल थांबवणं. पण माल ग्राहकाच्या ताब्यात गेला की हे दोन्ही संपतात. त्यानंतर उपयोगी पडतं ते कलम 25. काही शर्ती पूर्ण होईपर्यंत विक्रेता मालावरचा हक्क राखून ठेवू शकतो, आणि तसं केलं असेल तर माल पोहोचता झाला तरी मालकी जात नाही, असं हे कलम सांगतं. आपल्या अटीचा पाया हाच.

पहिली पायरी: अट ऑर्डरच्या आधी करारात आणा

सगळ्यात जास्त अटी इथेच फुकट जातात. पुरवठादाराने अट बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली असते. बिल मालाबरोबर किंवा मालानंतर जातं. तोवर ऑर्डर दिली गेलेली असते, स्वीकारली गेलेली असते, म्हणजे करार पूर्ण झालेला असतो. झालेल्या करारात एका बाजूने नवी अट घालता येत नाही. दिवाळखोरीत नेमलेला अधिकारी सगळ्यात आधी हेच विचारतो की या अटीला ग्राहकाने कुठे आणि केव्हा होकार दिला.

त्यामुळे उधारी खातं उघडताना जो अर्ज भरून घेता, त्यातच ही अट स्वतंत्र परिच्छेदात, ठळक टाइपात घाला. खाली ग्राहक कंपनीच्या अधिकृत व्यक्तीची सही, शिक्का आणि तारीख घ्या. ‘यापुढच्या प्रत्येक पुरवठ्याला याच अटी लागू राहतील’ असं वाक्य त्यात असू द्या. जुन्या ग्राहकाचं खातं असेल तर नव्या अटी पाठवून सहीची प्रत परत मागवा. तोवर झालेल्या पुरवठ्याला ही अट लागणार नाही हे धरून चला.

दुसरी गोष्ट ग्राहकाच्या परचेस ऑर्डरची. मोठ्या ग्राहकांच्या छापील ऑर्डरवर बहुधा लिहिलेलं असतं की माल स्वीकारताच मालकी आमची होईल आणि फक्त आमच्याच अटी लागू होतील. ती ऑर्डर आली आणि तुम्ही मुकाट्याने माल पाठवला, तर सहीच्या अर्जातल्या अटीवरही वाद उभा राहतो. म्हणून अशा ऑर्डरला उत्तर म्हणून ऑर्डर स्वीकृतीचा ईमेल पाठवा आणि त्यात अमुक तारखेच्या उधारी करारातल्या अटींवरच ही ऑर्डर स्वीकारली आहे असं लिहा. हे दर ऑर्डरला करायचं असतं. कंटाळवाणं आहे, पण पुढे फाइलमध्ये सापडणारा पुरावा हाच असतो.

दुसरी पायरी: शब्द कसे असावेत

अटीचा मसुदा साधा ठेवावा. मी साधारण असा लिहीन:

“या करारानुसार पुरवलेल्या मालाची मालकी, त्या मालाची पूर्ण किंमत आणि ग्राहकाकडून पुरवठादाराला येणं असलेल्या इतर सर्व रकमा प्रत्यक्ष जमा होईपर्यंत पुरवठादाराकडेच राहील. मालाची जोखीम मात्र माल पोहोचताच ग्राहकाकडे जाईल. तोवर ग्राहक हा माल वेगळा, ओळखता येईल असा आणि विमा उतरवून ठेवील. नेहमीच्या व्यवसायात तो वापरण्याची वा विकण्याची मुभा ग्राहकाला राहील. पैसे थकल्यास, किंवा ग्राहकाविरुद्ध वा ग्राहकाकडून दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाल्यास, ही मुभा आपोआप संपेल आणि पुरवठादाराला ग्राहकाच्या जागेत येऊन माल पाहण्याचा व परत नेण्याचा अधिकार राहील.”

यातल्या तीन जागा समजून घ्या. पहिली जोखमीची. मालविक्री कायद्याच्या कलम 26 नुसार वेगळं काही ठरलं नसेल तर जोखीम मालकीबरोबर जाते. मालकी तुमच्याकडे ठेवलीत आणि जोखमीबद्दल गप्प राहिलात, तर ग्राहकाच्या गोदामात आग लागल्यावर नुकसान तुमचं.

दुसरी जागा ‘इतर सर्व रकमा’ या शब्दांची. एवढे शब्द नसतील तर प्रत्येक बिलाचा माल फक्त त्या बिलाच्या पैशांपुरता अडकून राहतो. हे शब्द असले की आधी पैसे मिळालेल्या बिलाचा शिल्लक मालही थकलेल्या बिलांसाठी तुमचाच राहतो. ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1990 मध्ये थायसेन एडेलश्टाल या जर्मन पोलाद कंपनीच्या खटल्यात अशी व्यापक अट वैध ठरवली. खटला स्कॉटलंडचा होता, पण त्यातला विचार इंग्रजी पद्धतीच्या इतर ठिकाणीही वजनदार मानला जातो.

तिसरी जागा मसुद्यात नाही, मुद्दामच नाही. ‘कायदेशीर मालकी ग्राहकाची, पण लाभाची मालकी आमची’ असली भाषा टाळा. इंग्लंडमधल्या 1979 सालच्या बाँड वर्थ खटल्यात गालिचे बनवणाऱ्या कंपनीला कृत्रिम तंतू पुरवणाऱ्याने असंच लिहिलं होतं. न्यायालय म्हणालं, याचा अर्थ मालकी आधी ग्राहकाकडे गेली आणि मग ग्राहकाने तिच्यावर तुम्हाला तारणहक्क दिला. तो हक्क नोंदवलेला नव्हता, म्हणून निरुपयोगी. भारतात कंपनी कायदा 2013 च्या कलम 77 नुसार चार्ज, म्हणजे असा तारणहक्क, नोंदवलेला नसेल तर कंपनी गुंडाळणारा अधिकारी, म्हणजे लिक्विडेटर, तो जमेस धरत नाही. मालकी ‘ठेवून घेतली’ की नोंदणीचा प्रश्न येत नाही, मालकी ‘परत घेतली’ की येतो. सगळी गोम एवढ्यातच आहे.

तिसरी पायरी: आपला माल ओळखू येईल अशी सोय

अट कितीही चांगली असो, गोदामात बोट ठेवून ‘हा माझा, आणि याचे पैसे आलेले नाहीत’ असं दाखवता आलं पाहिजे. वाक्याचे हे दोन भाग वेगवेगळे सिद्ध करावे लागतात.

पहिल्या भागासाठी अनुक्रमांक सर्वांत उत्तम. मोटर, पंप, कंप्रेसर, मीटर अशा वस्तूंवर तो असतोच, पण तो बिलावर आणि डिलिव्हरी चलनावर छापलेला नसतो. तो छापायला लागा. अनुक्रमांक नसलेल्या मालाला बॅच नंबर, न निघणारं लेबल किंवा रोलच्या आतल्या नळीवर शिक्का चालतो. खोक्यावरचं स्टिकर मात्र खोक्याबरोबर कचऱ्यात जातं. तोच माल ग्राहक दुसऱ्या पुरवठादाराकडूनही घेत असेल, तर खुणेशिवाय तुमचा दावा जवळजवळ संपलाच.

दुसरा भाग पैशांच्या नोंदीचा, आणि इथे बहुतेकांचं लक्ष नसतं. ग्राहक अनेकदा कोणत्या बिलाचे ते न सांगता ठोक रक्कम खात्यावर भरतो. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 59 ते 61 मध्ये याचे नियम आहेत. ग्राहकाने बिल सांगितलं किंवा परिस्थितीवरून ते उघड असेल, तर तिथेच जमा करायचं. त्याने काहीच सूचित केलं नाही तर देय झालेल्या कोणत्या येण्यापोटी रक्कम धरायची हे पुरवठादार ठरवू शकतो. दोघांनीही ठरवलं नाही तर सर्वांत जुनं येणं आधी फिटतं. इतर रकमांचा उल्लेख नसलेली साधी अट असेल तर याचा उपयोग असा: ठोक रक्कम ज्या देय बिलाचा माल वापरून संपला आहे त्या बिलात जमा करा, आणि तसं ग्राहकाला लगेच ईमेलने कळवा. ज्या बिलाचा माल गोदामात शिल्लक आहे ते बिल थकलेलं राहिलं तरच त्या मालावर तुमचा हक्क टिकतो. अकाउंटिंग सॉफ्टवेअर पैसे आपोआप जुन्या बिलात टाकत असेल तर ती सेटिंग बदलून घ्या.

एक हिशेब मांडून पाहू

समजा, एक पुरवठादार पंप बनवणाऱ्या कंपनीला विजेच्या मोटरी देतो. तीन बिलं झाली. पहिल्या बिलात 50 मोटरी, पैसे पूर्ण मिळाले. दुसऱ्यात 40, तिसऱ्यात 30, दोन्हींचे पैसे थकले. म्हणजे येणं 70 मोटरींच्या किमतीइतकं.

कंपनीविरुद्ध दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली त्या दिवशी गोदामात खोक्यांत 32 मोटरी होत्या. अनुक्रमांक जुळवल्यावर कळलं की त्यांत पहिल्या बिलाच्या 4, दुसऱ्याच्या 10 आणि तिसऱ्याच्या 18 आहेत. जुन्या बिलाच्या 4 अजून शिल्लक आणि नव्या मात्र वापरलेल्या, याचं आश्चर्य वाटायला नको. स्टोअरमधला माणूस हाताशी येईल ते खोकं उचलतो. आणखी 16 मोटरी तयार पंपांवर बसवलेल्या होत्या: पहिल्या बिलाच्या 2, दुसऱ्याच्या 8, तिसऱ्याच्या 6. उरलेल्या 72 मोटरी पंपांबरोबर विकल्या गेल्या होत्या.

साध्या अटीत पहिल्या बिलाच्या मोटरी सोडून द्याव्या लागतात, कारण त्यांचे पैसे मिळाले. खोक्यांतल्या 28 आणि बसवलेल्या 14 मिळून 42 उरतात. पण बसवलेल्यांपैकी 3 पंप एका गिऱ्हाइकाच्या ऑर्डरसाठी वेगळे काढून त्याला तसं कळवलेलं होतं, असं धरू. विकायची मुभा तुम्हीच दिली होती आणि ते पंप त्या गिऱ्हाइकाचे होऊन बसले, म्हणून 3 वजा. हाती 39 मोटरी. 70 पैकी 31 मोटरींची किंमत रांगेत जाते. ‘इतर सर्व रकमा’ असलेल्या अटीत पहिल्या बिलाच्या 6 मोटरीही मिळतात, म्हणजे 45.

अनुक्रमांक बिलावर नसते तर? खोक्यांत 32 मोटरी तुमच्याच, हे कंपनीचं नाव पाहून पटलं असतं. पण त्यांतल्या पैसे न मिळालेल्या कोणत्या, हे साध्या अटीत सिद्ध करता आलं नसतं. समोरचा अधिकारी म्हणू शकतो की पैसे दिलेल्या 50 मोटरींपैकीच या 32 आहेत.

बसवलेल्या मोटरींबद्दल शंका येईल, म्हणून सांगतो. इंग्लंडमधल्या 1984 च्या हेंडी लेनॉक्स खटल्यात डिझेल इंजिनं जनरेटर संचांवर बोल्टने बसवलेली होती. त्यांवर अनुक्रमांक होते आणि काही तासांत ती सुटी करता येत होती. न्यायालयाने ती इंजिनं पुरवठादाराचीच राहिली असं मानलं. मोटर वेल्डिंग करून किंवा पंपाच्या बॉडीतच ओतून बसवलेली असती तर उत्तर वेगळं आलं असतं.

कोणत्या मालाला ही अट पुरत नाही

माल दुसऱ्या वस्तूत विरघळला की अट संपते. 1979 च्या बॉर्डन खटल्यात राळ पुरवणारी कंपनी चिपबोर्ड बनवणाऱ्याविरुद्ध गेली. चिपबोर्डातली राळ परत काढता येत नाही, म्हणून तिच्यावरची मालकी उरली नाही. 1983 च्या पीचडार्ट खटल्यात चामड्याच्या पिशव्या शिवायला घेतल्याबरोबर चामडं पुरवणाऱ्याचा हक्क गेला, पिशवी पूर्ण व्हायचीही गरज पडली नाही. तयार वस्तूत आपला हिस्सा राहील अशी कलमं लोक लिहितात, पण न्यायालयं त्यांना तारण समजतात आणि मग पुन्हा नोंदणीचा प्रश्न येतो.

विक्रीतून आलेल्या पैशांचंही असंच. या अटीला इंग्लंडमध्ये ज्या खटल्याचं नाव चिकटलं त्या रोमाल्पा प्रकरणात, 1976 साली, ॲल्युमिनियम फॉइल देणाऱ्या डच कंपनीला शिल्लक फॉइलही मिळालं आणि पुढे विकलेल्या फॉइलचे सुमारे 35,000 पौंडही मिळाले. पण ते पैसे वेगळ्या खात्यात राखलेले होते, आणि माल आपण पुरवठादाराच्या वतीने सांभाळत होतो हे ग्राहकाने मान्यच केलं होतं. त्यानंतरच्या खटल्यांत पैशांवरचे दावे बहुतेक वेळा फेटाळले गेले. पैसे कंपनीच्या ओव्हरड्राफ्ट खात्यात गेले की ते शोधायचे कुठे? म्हणून विक्रीच्या पैशांवर भिस्त ठेवू नका.

विकलेला माल गिऱ्हाइकाकडून परत मागता येत नाही. मालविक्री कायद्याच्या कलम 30 च्या पोटकलम 2 नुसार, विक्रेत्याच्या संमतीने ताबा मिळवलेल्या ग्राहकाकडून ज्याने प्रामाणिकपणे, तुमच्या हक्काची कल्पना नसताना माल घेतला, त्याला चांगली मालकी मिळते. ग्राहकाच्या बँकेचं प्रकरण वेगळं आहे. तिचं हायपोथिकेशन, म्हणजे ताबा न घेता ठेवलेलं तारण, ग्राहकाच्या स्वतःच्या स्टॉकवर असतं, आणि तुमचा माल ग्राहकाचा नाही. तरी ग्राहक दरमहा बँकेला देत असलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तुमचा मालही आपला म्हणून दाखवत असतो आणि बँक तेच धरून बसते. मोठं खातं असेल तर बँकेला एक पत्र आधीच पाठवून ठेवावं. ग्राहकाला ते आवडत नाही, त्यामुळे हे धाडस प्रत्येकाला जमत नाही, हेही खरं.

चौथी पायरी: कंपनी डगमगत असताना

अट सर्वांत जास्त कामाला येते ती प्रक्रिया सुरू होण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत. चेक परत येणं, ठरलेल्या तारखेऐवजी थोडी थोडी रक्कम येणं, स्टॉक कमी आणि ऑर्डर मात्र अचानक मोठी होणं, अकाउंट्समधली माणसं बदलणं, ही चिन्हं दिसली की नवा माल रोखा आणि माल वापरण्याची मुभा संपल्याचं लेखी कळवा. हे पत्र महत्त्वाचं. मुभा संपल्याशिवाय ग्राहकाने माल वापरला तर तक्रार करायला जागा राहत नाही.

मग जागेवर जाऊन यादी करा. प्रत्येक मोटरचा अनुक्रमांक दिसेल असा फोटो घ्या, खोक्यांच्या रांगेचा एक दुरून घ्या, आणि यादीवर ग्राहकाच्या स्टोअरकीपरची सही घ्या. ग्राहक राजी असेल तर माल परत न्या आणि क्रेडिट नोट द्या. राजी नसेल तर दांडगाई करू नका, न्यायालयातून अंतरिम आदेश मिळवण्याचा मार्ग धरा.

इथे अटीचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. आयबीसीचं कलम 43 म्हणतं की दिवाळखोरी प्रक्रिया सुरू होण्याआधीच्या एका वर्षात, ग्राहकाशी नातं असलेल्या पक्षाच्या बाबतीत दोन वर्षांत, कंपनीने आपली मालमत्ता एखाद्या धनकोला देऊन त्याला इतरांपेक्षा सरस ठेवलं असेल, तर तो व्यवहार उलटवता येतो. अट नसताना ग्राहकाने दबावाखाली माल परत केला असेल, तर हा धोका डोक्यावर राहतो. अट असेल तर परत आलेला माल कधी कंपनीचा नव्हताच, हे ठाम उत्तर देता येतं.

पाचवी पायरी: प्रक्रिया सुरू झाल्यावर

एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, अर्ज दाखल करून घेतला की मोरेटोरियम, म्हणजे स्थगिती, लागतो. आयबीसीच्या कलम 14(1)(ड) नुसार कंपनीच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या मालकालाही परत नेता येत नाही. पुरवठादारांना हे धक्कादायक वाटतं: माल माझा आहे हे सगळ्यांना मान्य, तरी हात लावायचा नाही. मुदत 180 दिवसांची, वाढवून आणि खटल्यांसह 330 दिवसांपर्यंतची, आणि प्रत्यक्षात बरेचदा त्याहून लांबते.

पण मालकी हिरावली जात नाही. कलम 18 खालचं स्पष्टीकरण सांगतं की कंपनीच्या ताब्यात करारानुसार असलेली तिसऱ्याची मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेत धरायची नाही. म्हणून प्रक्रियेच्या सुरुवातीला कंपनीचा कारभार हाती घेणाऱ्या इंटरिम रेझोल्यूशन प्रोफेशनलची नेमणूक जाहीर होताच त्याला पत्र लिहा. त्यात करारातली अट, सहीची प्रत, थकलेली बिलं आणि अनुक्रमांकांची यादी जोडा, आणि तीन मागण्या करा: संयुक्त पाहणी करून यादी पक्की करा, हा माल वापरू वा विकू नका, आणि वापरायचाच असेल तर त्याची किंमत प्रक्रियेच्या खर्चातून द्या. तिसरी मागणी मान्य होईलच असं नाही. पण कारखाना चालू ठेवायला मोटरी लागणारच, आणि नंतरच्या पुरवठ्यासाठी त्यांना तुमचीच गरज असेल, तर या पत्रावर सौदा होतो. पुढचा नवा माल फक्त आगाऊ पैशांवर द्या.

त्याचबरोबर ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे माल वा सेवांचे पैसे येणं असलेला धनको, म्हणून क्लेमही वेळेत भरा. पण क्लेममध्ये संपूर्ण रक्कम नुसती लिहून टाकू नका. ‘यादीतल्या मालावरची मालकी राखून, तो हक्क न सोडता हा क्लेम भरत आहोत’ असं वाक्य घाला. नाहीतर माल सोडून पैशांचाच मार्ग निवडला असा अर्थ काढला जातो.

प्रक्रियेत तोडगा निघाला नाही आणि कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, तर कलम 36(4) बघावं लागतं. ताब्यात असलेली पण तिसऱ्याची मालमत्ता लिक्विडेशन इस्टेटमध्ये, म्हणजे विकून धनकोंना वाटायच्या मालमत्तेत, येत नाही, असं ते म्हणतं. मात्र त्यातल्या उदाहरणांत ‘मालकी देण्याचं न ठरवता फक्त वापरासाठी दिलेली मालमत्ता’ असे शब्द आहेत, आणि हुशार लिक्विडेटर म्हणेल की तुमच्या करारात मालकी द्यायचीच होती. त्यावर उत्तर असं की ती उदाहरणं आहेत, यादी पूर्ण नाही, आणि शर्त पूर्ण झाली नाही म्हणून मालविक्री कायद्याच्या कलम 25 नुसार मालकी गेलीच नाही. लिक्विडेटर ऐकत नसेल तर कलम 60(5) खाली एनसीएलटीकडे अर्ज. लिक्विडेशन सुरू असताना इतर न्यायालयात दावा लावायला जाऊ नका, कलम 33(5) आड येतं.

सीमेपलीकडचे ग्राहक

ग्राहक परदेशात असेल तर तिथला कायदा आधी पाहा, कारण दिवाळखोरीत माल जिथे आहे तिथलेच नियम बहुधा लागतात. इंग्लंडमध्ये ॲडमिनिस्ट्रेशन ही दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली की आपल्यासारखीच स्थगिती येते. ॲडमिनिस्ट्रेटर न्यायालयाच्या परवानगीने तुमचा माल विकू शकतो, पण विक्रीचे निव्वळ पैसे तुमच्या येण्यात द्यावे लागतात. जर्मनीत साधी अट फार भक्कम मानतात आणि माल थेट वेगळा काढून मागता येतो. ऑस्ट्रेलियात 2012 पासून आणि न्यूझीलंडमध्ये 2002 पासून चित्र पार वेगळं आहे: तिथे अशी अट तारणच समजली जाते आणि सार्वजनिक नोंदवहीत वेळेत नोंदवावी लागते. ऑस्ट्रेलियात पुढे विकायच्या स्टॉकसाठी पहिल्या क्रमांकाचा हक्क हवा असेल तर माल ग्राहकाच्या ताब्यात जाण्याआधी नोंद हवी. ऑस्ट्रेलियात नोंद नसली की अट कितीही सुंदर लिहिलेली असो, माल दिवाळखोर कंपनीच्या मालमत्तेत जमा होतो.

अट घालायची की नाही, याचा कस

आपल्या मालाची एक फेरी डोळ्यांसमोर आणा: ग्राहकाच्या दारात आल्यापासून किती दिवसांत तो ओळखीपलीकडे जातो? मोटर, मशीन, पत्र्याचे रोल, स्पेअर पार्ट असे भाग आठवडेच्या आठवडे तसेच पडून राहतात, तिथे अट आणि अनुक्रमांकांचा खटाटोप परवडतो. रंग, रसायनं, धागा, धान्य असा माल उधारीची मुदत संपण्याआधीच दुसऱ्या वस्तूत गेलेला असतो. तिथे अटीला थोडीच किंमत आहे. अशा मालासाठी बँक गॅरंटी घ्या, उधारीची मुदत उतरवा, किंवा मालाच्या किमतीचा ठरावीक भाग आगाऊ मागा.